परीक्षेच्या दिवसांत मूल जेवत नाही, तेव्हा नक्की काय करायचं?



जानेवारी संपत आला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे शिष्यवृत्ती परीक्षेचे सराव पेपर, आणि दुसरी म्हणजे पालकांची तक्रार. "मॅडम, पोरगी काही खाऊनच नाही राहिली." "सर, डबा तसाच्या तसा वापस येऊन राहिला." काही पालकांचं याच्या नेमकं उलट असतं. "अभ्यासाला बसला की याला दर अर्ध्या तासानं काहीतरी चघळायला लागते."

या दोन तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बऱ्याचदा त्या एकाच मुलाच्या असतात. सकाळी एक आणि रात्री दुसरी. आज आपण हेच समजून घेऊ. परीक्षेच्या भीतीनं भूक का जाते, तीच भूक रात्री वेगळ्या रूपात का परत येते, आणि घरी व शाळेत खाण्याची घडी पुन्हा कशी बसवायची.

भीती वाटली की पोटाचं काम थांबतं

मूल "भूक नाही" म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा खरंच सांगत असतं. तो नखरा नसतो.

1895 साली क्ष-किरणांचा शोध लागला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच वॉल्टर कॅनन नावाचा अमेरिकेतला एक तरुण वैद्यकीय विद्यार्थी क्ष-किरणांच्या मदतीनं मांजरांच्या पोटात अन्न कसं पुढे सरकतं ते पाहत होता. पोटाच्या भिंतींवरून एका लयीत लाटा जातात आणि अन्न घुसळलं जातं, हे त्याला दिसलं. पण मांजर घाबरलं किंवा चिडलं की त्या लाटा थांबायच्या. मांजर शांत झालं की पुन्हा सुरू व्हायच्या. पुढे कॅनननं भीती आणि राग यांचा शरीरावर काय परिणाम होतो यावर आयुष्यभर काम केलं.

आपल्या शरीरातही तेच होतं. धोका जाणवला की शरीर पळण्याची किंवा लढण्याची तयारी करतं. रक्त हातापायांच्या स्नायूंकडे वळतं, तोंड कोरडं पडतं आणि पचनाचं काम मागे पडतं. पोट हळू रिकामं होतं, म्हणून सकाळी दोन घास खाल्ले तरी "पोट भरलं" असं वाटतं, मळमळतं, घास तोंडात फिरत राहतो. शरीराला वाघ आणि गणिताचा पेपर यातला फरक कळत नाही.

हे झालं भीतीच्या ताज्या क्षणाचं. पण शिष्यवृत्तीची तयारी एका क्षणाची नसते, ती काही आठवडे चालते. ताण असा लांबला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढलेलं राहतं. त्यामुळे काही मुलांची भूक उलट वाढते, आणि ती वरण-भाताची नसते. गोड, तेलकट, कुरकुरीत असं काहीतरी हवं असतं. असं खाल्लं की थोडा वेळ बरं वाटतं, म्हणून हात पुन्हा त्याच पुड्याकडे जातो.

त्यात दिवसभर नीट खाल्लेलं नसलं तर संध्याकाळी खरी भूकही जमा झालेली असते. ताणाची ओढ आणि पोटातली भूक एकत्र येतात. मग दहा वर्षांचं मूल रात्री दहाला मॅगी मागतं यात नवल काही नाही. रात्री उशिरा भरपूर खाल्लं की झोप नीट लागत नाही, सकाळी पोट जड असतं आणि नाश्ता नको वाटतो. म्हणजे दुसरा दिवस पुन्हा रिकाम्या पोटानं सुरू.

हे चक्र एकदा फिरायला लागलं की भुकेची घंटा चुकीच्या वेळी वाजते. म्हणून या दिवसांत "भूक लागेल तेव्हा खा" हा सल्ला उपयोगाचा नाही. काही दिवस भुकेऐवजी घड्याळाप्रमाणे चालावं लागतं.

आधी तीन दिवस फक्त लिहा

घडी बसवण्याआधी ती कुठे विस्कटली ते पाहायला हवं. त्यासाठी एक साधी वही घ्या. तीन दिवस मुलानं किती वाजता काय खाल्लं आणि प्यायलं ते लिहा. चहा, बिस्किट, ट्यूशनला जाताना घेतलेला पाच रुपयांचा पुडा, सगळं लिहायचं. मुलाला काही बोलायचं नाही, रोखायचं नाही. तीन दिवसांत एक रविवार आला तर उत्तम, कारण सुट्टीच्या दिवशी भूक परत येते का ते कळतं.

एक उदाहरण घेऊ. दहा वर्षांची मुलगी, शिष्यवृत्तीला बसलेली. शाळा साडेदहा ते पाच. आईचं म्हणणं, "दिवसभर काहीच खात नाही." वहीत मात्र असं निघतं:

सकाळी 7 वाजता अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. साडेनऊला ताट वाढलं, दोन घास खाऊन उठली. शाळेत दीडच्या सुमारास खिचडी, अर्धी टाकली. सव्वापाचला घरी आली, दप्तर बदललं आणि साडेपाचला ट्यूशनला गेली. वाटेत कुरकुऱ्यांचा पुडा. साडेसातला परत आली आणि लगेच सराव पेपर घेऊन बसली. साडेआठला जेवायला बोलावलं तर "भूक नाही." साडेदहाला मॅगी, वर दोन-चार बिस्किटं. झोपायला साडेअकरा.

आता नीट पाहा. ती काहीच खात नाही असं नाही. तिचं खाणं दिवसाच्या शेवटाकडे सरकलं आहे आणि जेवणाची जागा पुड्यांनी घेतली आहे. आणखी एक गोष्ट दिसते. तिला खरी भूक सव्वापाचला लागलेली असते, पण त्या वेळी घरात दप्तर बदलण्याची घाई आहे, ताट नाही. ती भूक रस्त्यात पुड्यावर भागते, आणि त्यामुळेच साडेआठची भूक मरते.

जिथे भूक आहे तिथून सुरुवात करा

बहुतेक घरी सुरुवात नाश्त्यापासून होते. "सकाळी दूध प्यायलाच पाहिजे," म्हणून आई पेला घेऊन मागे लागते. पण या मुलीला सकाळी भूक सगळ्यात कमी आहे. रात्रीची मॅगी अजून पोटात आहे आणि शाळेत आज सराव पेपर आहे ही धास्तीही आहे. जिथे भूकच नाही तिथे जबरदस्ती केली की जेवणाची वेळ ही आणखी एक भीतीची वेळ होते.

म्हणून क्रम उलटा ठेवा. पहिले चार-पाच दिवस एकच बदल करायचा, संध्याकाळी सव्वापाचचा. मुलगी घरी येईल तेव्हा खाणं तयार हवं आणि पंधरा मिनिटं बसून खाता यायला हवं. दोन पोळ्या आणि भाजी, किंवा वाटीभर पोहे वरून शेंगदाणे घालून, किंवा वरण-भात-तूप. सकाळची ज्वारीची भाकर असेल तर ती कुस्करून दह्यासोबतही चालते. हा नाश्ता नाही, हे छोटं जेवणच आहे असं समजा. ट्यूशन साडेपाचला असेल आणि वेळ अगदीच कमी असेल तर पोळीचा रोल हातात द्या, पण पुड्याच्या आधी तो पोटात जायला हवा. आई-वडील दोघंही कामावर असतील तर सकाळीच डबा भरून ठेवा. मुलगी घरी आल्यावर उघडेल.

दुसरा बदल रात्रीचा. जेवण आठच्या सुमारास आणि थोडं. अर्धी भाकर, वाटीभर वरण, थोडा भात. संध्याकाळी खाल्लेलं असल्यामुळे ताट भरून वाढायची गरज नाही. भरलेलं ताट पाहूनच घाबरलेलं मूल "नको" म्हणतं. कमी वाढा आणि मागितलं तर पुन्हा द्या. साडेनऊ-दहाला भूक लागली तर कपभर दूध किंवा एक केळं. मॅगी बंद अशी घोषणा करायची गरज नसते. पोट भरलेलं असलं की मागणी आपोआप कमी होते. पण घरात पुड्यांचा साठा ठेवू नका. समोर डबा दिसत असताना मुलानं स्वतःला आवरावं ही अपेक्षा जास्तीची आहे.

तिसरा बदल सकाळचा, आणि तो सगळ्यात शेवटी. रात्रीचं खाणं लवकर आणि हलकं झालं की काही दिवसांत सकाळी थोडी भूक येऊ लागते. तेव्हा चहा-बिस्किटाच्या जागी छोटं काहीतरी ठेवा. अर्धा पेला दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, नाहीतर मूठभर फुटाणे आणि गूळ, नाहीतर उकडलेलं अंडं. रिकाम्या पोटी चहा प्यायल्यानं भूक मारली जाते, त्यामुळे चहा द्यायचाच असेल तर खाण्यानंतर द्या.

दोन खाण्यांमध्ये तीन ते चार तासांपेक्षा जास्त अंतर जाऊ द्यायचं नाही, आणि मधल्या वेळेत पाण्याशिवाय सारखं काही चघळायचं नाही. एवढी दोन वाक्यं लक्षात ठेवली तरी घडी बसते.

ताटावर कोणाचं काय काम?

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी मुलांच्या जेवणाबद्दल एक साधी वाटणी सांगितली आहे. काय, कधी आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवायचं. खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं ठरवायचं. आपल्याकडे नेमकं उलट होतं. काय आणि कधी हे मूल ठरवतं, म्हणजे दुपारी पुडा आणि रात्री मॅगी. किती हे मात्र आपण ठरवतो. "एवढं संपवल्याशिवाय उठायचं नाही!"

ताणाच्या दिवसांत ही वाटणी फार कामाची आहे. मोठ्यांनी वेळ पाळायची, ताट मांडायचं, सोबत बसायचं. मुलानं चारच घास खाल्ले तर चारच. तीन तासांनी पुन्हा ताट येणार आहे हे त्याला माहीत असतं आणि तुम्हालाही. मधे मात्र पर्यायी पुडा नाही.

ताटावर आणखी एक गोष्ट येऊ द्यायची नाही, ती म्हणजे परीक्षा. आपल्याला वाटतं की मूल समोर बसलंय, तेवढ्यात विचारून घ्यावं.

"काऊन गं, आज सराव पेपरात किती आले?"

"बावन्न."

"शेजारच्या पोराले किती आले?"

यापुढचा घास कसा उतरेल? पोटाच्या लाटा थांबतात असं वर म्हटलं, त्या अशाच वेळी थांबतात. जेवणाची वीस मिनिटं मार्कांशिवाय जाऊ द्या. मार्कांबद्दल बोलायचंच असेल तर जेवणानंतर तासाभरानं बोला. तसंच "पेपर चांगला गेला तर पिझ्झा" असंही नको. त्यामुळे खाणं हे बक्षीस होतं, आणि पेपर वाईट गेला की मूल स्वतःला खाण्याची शिक्षा देतं किंवा खाण्यातच आधार शोधतं.

शाळेत आपल्याला काय दिसतं?

शिक्षकांनो, आपल्याकडे पालकांपेक्षा एक सोय जास्त आहे. दुपारी सगळा वर्ग आपल्यासमोर एकाच वेळी, एकच अन्न खात असतो. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा निकष आहे, त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. म्हणजे अर्धी खिचडी टाकणारं मूल दिवसातला मोठा आधार टाकून देतं. म्हणून कोण टाकतं ते पाहा. रोज टाकतं की सराव चाचणीच्या दिवशीच टाकतं? चाचणी जेवणाच्या आधी असते तेव्हा, की नंतर असते तेव्हा?

नंतर चाचणी असली की मुलं घास उरकतात किंवा टाकतात. शक्य असेल तिथे सराव पेपर जेवणानंतर लगेच न ठेवता सकाळच्या पहिल्या तासांत घ्या, आणि तपासलेले पेपर जेवणाच्या सुट्टीच्या आधी वाटू नका. या दोन गोष्टींना खर्च काही नाही.

पण एक काळजी घ्या. प्रत्येक न खाणारं मूल घाबरलेलं असतंच असं नाही. पहाटेच कामावर जाणाऱ्या आई-वडिलांच्या घरात सकाळी चूलच पेटलेली नसते. त्या मुलाचा नाश्ता ताणामुळे नाही तर परिस्थितीमुळे चुकतो, आणि ते शाळेतली खिचडी दोनदा मागतं. त्याला वही लिहायला सांगून उपयोग नाही, त्याला दुसऱ्यांदा वाढा. काही मुलांच्या पोटात जंत असतात, त्यानंही भूक मंदावते. राष्ट्रीय जंतनाशक दिन 10 फेब्रुवारीला असतो, म्हणजे अगदी याच हंगामात. त्या दिवशी गैरहजर असलेल्या मुलांना नंतरच्या फेरीत गोळी मिळाली का ते जरूर पाहा.

परीक्षेचा दिवस

शिष्यवृत्तीचे दोन्ही पेपर एकाच दिवशी असतात. पहिला प्रथम भाषा आणि गणिताचा, दुसरा तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणीचा. प्रत्येकी दीडशे गुण, दीड तास. साधारणपणे पहिला अकराला सुरू होतो आणि दुसरा दुपारी. म्हणजे मुलाला दोनदा खाण्याची वेळ येते, आणि दोन्ही वेळा धास्ती असते.

सकाळी आठच्या सुमारास घरचं, रोजचंच खाणं द्या. पेपर सुरू होईपर्यंत पोटाला तीन तास मिळतात. ताणात पोट हळू रिकामं होतं म्हणून तेलकट आणि तिखट टाळा. कौतुकानं चौकातले तर्री-पोहे त्या दिवशी नकोत, ते निकालाच्या दिवशी खा. पोहे घरचे, वर सांबार घातलेले, चालतील. साधा वरण-भात, पोळी-भाजी किंवा दूध-पोळीही चालेल. मुलाला फार मळमळत असेल तर एका वेळी भरपूर देण्यापेक्षा आठला थोडं आणि दहाला केळं किंवा दोन घास असं द्या. कधी न खाल्लेला पदार्थ किंवा नवीन पावडर त्या दिवशी सुरू करू नका. ग्लुकोजचं पाणी म्हणजे साखरेचं पाणी. ते जेवणाची जागा घेत नाही.

दोन पेपरांच्या मधल्या वेळेसाठी छोटा डबा ठेवा. दही-भात, पोळीचा रोल, चिक्की, सोललेलं संत्रं. डबा तीन-चार घासांत संपेल एवढाच हवा. केंद्राबाहेर मात्र एक दृश्य हमखास दिसतं. मूल बाहेर येतं आणि पालक प्रश्नपत्रिका हातात घेऊन उत्तरं जुळवायला बसतात. "हे कसं चुकलं गं तुझं?" डबा तसाच राहतो आणि मूल दुसऱ्या पेपरला रिकाम्या पोटी आणि घाबरलेलं जातं. प्रश्नपत्रिका पिशवीत ठेवा. आधी पाणी, मग डबा, मग थोडं सावलीत बसणं. उत्तरं रात्रीही जुळवता येतात.

थांबून डॉक्टरांना कधी दाखवायचं?

परीक्षेच्या ताणानं गेलेली भूक रविवारी किंवा सुट्टीत थोडी तरी परत येते आणि परीक्षा संपल्यावर आठवडाभरात जागेवर येते. तसं झालं तर काळजीचं कारण नाही. पुढचं काही दिसलं तर मात्र घरगुती उपायांवर थांबू नका.

परीक्षा होऊन दोन आठवडे झाले तरी खाणं सुधारलं नाही. कपडे सैल व्हायला लागले किंवा वजन घटलं. वाढत्या वयात वजन नुसतं थांबणं हीसुद्धा खूण आहे. पोटदुखीनं मूल रात्री झोपेतून उठतं, ताप आहे, सारखी उलटी होते किंवा चक्कर येते. मूल, विशेषतः आठवी-नववीपुढचं, "जाड दिसते" म्हणून मुद्दाम जेवण टाळतं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊन उलटी करतं, किंवा लपूनछपून खूप खातं आणि नंतर रडतं. हे परीक्षेच्या ताणापेक्षा वेगळं आहे आणि त्यावर वेगळे उपचार असतात.

अशा वेळी आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जा, म्हणजे रक्त कमी आहे का, दुसरा काही आजार आहे का ते कळेल. गरज पडली तर नागपुरात मेडिकलमध्ये मानसोपचार विभाग आहे. घरबसल्या बोलायचं असेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. सोबत ती तीन दिवसांची वही घेऊन जा. "काहीच खात नाही" या वाक्यापेक्षा डॉक्टरांना त्या वहीतून जास्त कळतं.

पुढच्या पालकसभेत हा विषय घेणार असाल तर आधी पालकांना वहीचं एक पान घरी भरून आणायला सांगा. मुलाचं संध्याकाळी पाचचं खाणं काय आहे, एवढं त्या पानावरून प्रत्येकानं सांगितलं तरी सभेला सुरुवात होते.